आयपीव्ही६ चा पत्ता मिळालाय, पिंग पण जातोय, मग ठराविक साइटच का अडकतात?

सांगलीला ताईकडे गेलो होतो, चहा पण झाला नव्हता तेवढ्यात भाचा लॅपटॉप घेऊन आला, "मामा, नेट चालू आहे पण चालत नाही." म्हणलं म्हणजे काय रे? तर यूट्यूब एकदम भारी चाललंय, गूगल चाललंय, व्हॉट्सअॅप चाललंय, पण एका बँकेची साइट उघडताना नुसतं गोल गोल फिरत राहतं, त्याच्या कॉलेजच्या फीच्या पोर्टलचं पण तेच. एरर पण येत नाही, फिरतच बसतं आणि मग मिनिटभराने टाइमआउट. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर त्याच साइट लगेच उघडतात. पंधरा दिवसांपूर्वी नवीन राउटर आणला तेव्हापासून हे सुरू झालेलं, आणि केबलवाल्याचं उत्तर "आमच्याकडून सगळं ओके आहे, साइट डाऊन असेल".

हा त्रास अनेकांना होतो आणि बहुतेक जण कुठेतरी वाचून "आयपीव्ही६ बंद करा" करून मोकळे होतात. चालतंय, रात्रीचे अकरा वाजलेत आणि फी भरायची शेवटची तारीख आहे तर मी पण तेच करीन. पण खरी गोम काय असते ते एकदा समजलं की दुरुस्ती पाच मिनिटांची असते, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक छोटी गोष्ट. आजकाल घरात एकाच वेळी दोन प्रकारचे पत्ते चालतात, जुना आयपीव्ही४ आणि नवा आयपीव्ही६, यालाच ड्युअल स्टॅक म्हणतात. दोन्ही रस्ते शेजारी शेजारी आहेत, साइटकडे दोन्ही पत्ते असतील तर ब्राउझर नव्याला आधी हात घालतो. आता "पत्ता मिळालाय" याचे पण प्रकार आहेत. `fe80` ने सुरू होणारा पत्ता प्रत्येक डिव्हाइस स्वतःच स्वतःला देतं, तो फक्त घरातल्या घरात, त्याचा बाहेरच्या नेटशी काही संबंध नाही. `fd` ने सुरू होणारा पण घरगुतीच. बाहेर जायला चालणारा पत्ता सध्या २ किंवा ३ ने सुरू होतो, आपल्याकडे बहुतेक वेळा `24` ने सुरू झालेला दिसेल. लिनक्सवर दोन कमांडमध्ये कळतं:

```
ip -6 addr
ip -6 route
```

पहिल्यात तसा पत्ता पाहिजे आणि दुसऱ्यात `default via fe80...` अशी ओळ पाहिजे. पत्ता आहे पण ही ओळ नाही, तर घर आहे पण घराबाहेर पडायला दार नाही असं झालं. भाच्याकडे दोन्ही होतं. म्हणजे साधा प्रॉब्लेम नव्हता.

आता इथे गंमत बघा. समजा आयपीव्ही६ पूर्णच मेलेलं असतं, तर भाच्याला बहुतेक कळलंच नसतं! कारण ब्राउझर हुशार झालेत. २०१२ पासून एक पद्धत आहे, हॅपी आयबॉल्स नावाची, २०१७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली, आरएफसी ८३०५ मध्ये, आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती लिहून ठेवणारे कागद. ब्राउझर आधी आयपीव्ही६ वर कनेक्शन टाकतो, आणि साधारण पाव सेकंदात, म्हणजे २५० मिलिसेकंदात, तिकडून उत्तर आलं नाही की आयपीव्ही४ वर पण टाकतो, जो आधी उचलेल तो आपला. त्यामुळे नवा रस्ता पूर्ण बंद असला तरी गाडी गुपचूप जुन्या रस्त्याने जाते आणि आपल्याला वाटतं सगळं छान आहे.

पण ही पद्धत बघते काय, तर फक्त कनेक्शन जोडलं गेलं का एवढंच, म्हणजे "हॅलो", "हां हॅलो, बोला" इतपत. समोरच्याने हॅलो म्हणलं की ब्राउझरने तो रस्ता पक्का केला, आता त्यानंतर समोरून एक शब्द जरी आला नाही तरी तो परत मागे फिरून दुसरा रस्ता बघायला जात नाही. त्यामुळे पूर्ण मेलेलं आयपीव्ही६ परवडलं, अर्धं मेलेलं नको. भाच्याकडे हे अर्धं मेलेलं होतं.

कसं ओळखायचं? ब्राउझर सोडा, curl घ्या, ते दोन्ही रस्ते वेगळे वेगळे तपासू देतं (खालच्या नावाच्या जागी तुमची अडकणारी साइट टाका):

```
curl -4 -v -o /dev/null https://www.example.org/
curl -6 -v -o /dev/null https://www.example.org/
```

`-4` वाली लगेच पूर्ण झाली. `-6` वाली इथे येऊन थांबली:

```
* Connected to www.example.org
* TLSv1.3 (OUT), TLS handshake, Client hello (1):
```

आणि मग शांतता. हे जिथे थांबलं ना ती जागाच सगळं सांगते. `Connected` आलंय म्हणजे पत्ता बरोबर, रस्ता बरोबर, सर्व्हर जिवंत, फायरवॉलने पोर्ट अडवलेला नाही. आपण `Client hello` पाठवलं, त्याच्या उत्तरात सर्व्हर त्याचं सर्टिफिकेट वगैरे पाठवतो, ते असतं तीन-चार हजार बाइटचं. म्हणजे या सगळ्या बोलण्यात समोरून येणारं पहिलं *मोठं* पाकीट हेच. तोपर्यंत जे आलं ते सगळं चिल्लर होतं, ७०-८० बाइटचं. चिल्लर येतंय, मोठं येत नाहीये.

जर `Connected` च आलं नसतं, तर मामला वेगळा. उदाहरणार्थ लाईट जाऊन आली, राउटरला कंपनीने नवीन प्रिफिक्स, म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा भाग, दिला, आणि लॅपटॉप मात्र अजून जुन्याच पत्त्यावरून पाकिटं पाठवत बसलाय, असं होतं बऱ्याचदा. त्याला वायफाय बंद-चालू करणं हाच उतारा, आणि त्यात ठराविक साइट अडकत नाहीत, `curl -6` ने सगळ्याच अडकतात. तो विषय इथे सोडतो.

तर मोठी पाकिटं कुठे जातात? घरातल्या वायफाय किंवा केबलवर एका पाकिटाची कमाल साइज १५०० बाइट असते, याला एमटीयू म्हणतात. पण ताईकडचं कनेक्शन युजरनेम-पासवर्ड टाकून चालणारं आहे, पीपीपीओई म्हणतात ते, आपल्याकडे गावोगावच्या फायबरवाल्यांकडे हेच असतं. त्यात प्रत्येक पाकिटाला वरून ८ बाइटचं आणखी एक वेष्टण लागतं, त्यामुळे आत मावणारं पाकीट १४९२ चं. म्हणजे रस्ता सगळा मोठा, पण कंपनीचं यंत्र ते ताईचा राउटर एवढ्या टप्प्यावर उंची मोजणारी लोखंडी कमान आहे, रेल्वेच्या पुलाखाली असते तशी. १५०० चा ट्रक आला की अडकणार. फक्त ८ बाइटने, पण अडकणार.

आयपीव्ही४ मध्ये वाटेतल्या राउटरला मुभा होती की मोठ्या पाकिटाचे तुकडे करून पुढे पाठव (पाठवणाऱ्याने "तुकडे करू नका" असा शिक्का मारला नसेल तर, आणि साइटचा माल वाहणारी टीसीपी पद्धत आता बहुतेक वेळा तो शिक्का मारतेच). आयपीव्ही६ मध्ये ही मुभाच काढून टाकली. वाटेतला कोणीही तुकडे करणार नाही, करायचे असतील तर पाठवणाऱ्याने घरूनच करून पाठवायचे. मग पाठवणाऱ्याला कळणार कसं की वाटेत कमान आहे? तर कमानीपाशी जे यंत्र असेल त्याने ट्रक टाकून द्यायचा आणि पाठवणाऱ्याला उलट निरोप धाडायचा, "पाकीट मोठं आहे बाबा, माझ्याकडे १४९२ च मावतं". या निरोपाचं नाव पॅकेट टू बिग, आयसीएमपीव्ही६ चा प्रकार २. निरोप पोचला की सर्व्हर तोच माल लहान पाकिटात भरून परत पाठवतो, आणि हे इतक्या झटकन होतं की कोणाला पत्ता पण लागत नाही.

सगळा डोलारा या एका निरोपावर उभा आहे. आणि तोच निरोप गायब होतो.

कुठे गायब होतो? बहुतेक वेळा सर्व्हरच्या बाजूला. कोणीतरी सिक्युरिटीवाला बसलेला असतो, त्याने फार पूर्वी कधीतरी शिकलेलं असतं की पिंग बंद केलं म्हणजे सर्व्हर सेफ, म्हणून त्याने सगळं आयसीएमपीच बंद करून टाकलेलं असतं. आयपीव्ही४ मध्ये हे कसंबसं खपून जायचं. आयपीव्ही६ मध्ये हे म्हणजे पोस्टमनला सोसायटीत बंदी घालण्यासारखं आहे, आणि २००७ च्या आरएफसी ४८९० मध्ये सरळ लिहिलंय की हा निरोप अडवू नका, तरी लोक अडवतात. बँका, पोर्टलं यांच्यात हे जास्त का दिसतं त्याचं माझं स्वतःचं मत हे की तिथे फायरवॉलची चेकलिस्ट भरणारा वेगळा आणि साइट चालवणारा वेगळा असतो.

कधी कधी दोष एवढा सरळ नसतो. मोठ्या साइटच्या पुढे लोड बॅलन्सर असतो, मागे समजा वीस सर्व्हर. तुमचं बोलणं चाललंय सात नंबरशी, पण कमानीवरून आलेला निरोप वेगळ्याच पत्त्यावरून आलेला असतो ना, तो बॅलन्सर देतो बारा नंबरला. बारा नंबर म्हणतो हे माझं नाही, टाक कचऱ्यात. सात नंबर बिचारा तेच १५०० चं पाकीट परत परत पाठवत बसतो. यावर २०१६ मध्ये वेगळा आरएफसी (७६९०) निघालाय.

आता "काहीच साइट का" याचं उत्तर आपोआप आलं. ज्या साइटला आयपीव्ही६ पत्ताच नाही ती जुन्या रस्त्याने जाते, तिला काही होत नाही. जी साइट निरोप नीट ऐकते तिला काही होत नाही. काही मोठे सर्व्हर मुद्दाम लहान पाकिटं पाठवतात, त्यांना फरक पडत नाही. यूट्यूब-गूगल क्रोममध्ये बहुतेक वेळा क्विक या नव्या पद्धतीने चालतात, तिच्यात सुरुवात साधारण १२०० बाइटच्या पाकिटाने होते आणि पुढे मोठं पाकीट जातंय का ते चाचपून बघूनच वाढवतात, म्हणून ते पण सुटतात. अडकतात कोण, तर ज्यांना आयपीव्ही६ आहे, जे साध्या टीसीपीवर पूर्ण साइजची पाकिटं पाठवतात आणि ज्यांच्यापर्यंत निरोप पोचत नाही. भाच्याच्या दुर्दैवाने बँक आणि फीचं पोर्टल दोन्ही त्यातले निघाले.

आणि मग त्याच पीपीपीओईवर आयपीव्ही४ ला काहीच का होत नाही, कमान तर त्याला पण तीच? कारण राउटर तिथे एक लबाडी करतो, चांगल्या अर्थाने. टीसीपी जोडताना तुमचा लॅपटॉप सर्व्हरला सांगतो की "मला एका वेळी एवढाच माल पाठव", याला एमएसएस म्हणतात. लॅपटॉपला स्वतःचं वायफाय १५०० चं दिसतं, त्यातून आयपीव्ही४ चं हेडर २० आणि टीसीपीचं २० वजा करून तो १४६० सांगतो. राउटर मधल्या मधे तो आकडा खोडून १४५२ करतो, कारण पुढे कमान आहे हे त्याला माहीत असतं. सर्व्हर पहिल्यापासूनच लहान पाकिटं पाठवतो, निरोपाची गरजच पडत नाही. याला एमएसएस क्लॅम्पिंग म्हणतात. आयपीव्ही६ चं हेडर ४० चं, म्हणून लॅपटॉप १४४० सांगतो आणि राउटरने ते १४३२ करायला पाहिजे. ताईकडचा नवा राउटर आयपीव्ही४ साठी हे करत होता, आयपीव्ही६ साठी करत नव्हता. जुन्या राउटरमध्ये आयपीव्ही६ बंदच होतं, म्हणून तेव्हा त्रास नव्हता. हे असं अर्धवट काम स्वस्तातल्या राउटरमध्ये दिसतं, आणि बॉक्सवर "IPv6 Ready" छापलेलं असतं ते असतंच.

पण हे सगळं अंदाजाने बोलून उपयोग नाही, म्हणून भाच्याला पाकिटं दाखवली:

```
sudo tcpdump -ni wlan0 ip6 and tcp port 443
```

दुसऱ्या खिडकीत `curl -6` परत चालवलं. हॅलो-हॅलो झालं, आपलं `Client hello` गेलं, मग सर्व्हरकडून आलेली पहिली डेटाची ओळ होती `seq 2857:3105` वाली. म्हणजे सर्व्हरने ३१०४ बाइट पाठवले होते, त्यातले पहिले २८५६ आलेच नाहीत, शेवटचे २४८ तेवढे आले. २८५६ म्हणजे बरोब्बर १४२८ ची दोन पूर्ण भरलेली पाकिटं (१४४० मधून टाइमस्टॅम्पचे १२ गेले की १४२८), आणि शेवटचं उरलंसुरलं लहान पाकीट कमानीखालून आरामात निघून आलं. दोन ट्रक अडकले आणि मागची रिक्षा पोचली! खराब वायफायमध्ये कुठलंही पाकीट पडतं, मोठं-लहान असा भेदभाव नसतो. इथे दर वेळी फक्त मोठीच पडत होती. तेव्हा माझी खात्री झाली.

पिंग करून बघ ना, असं भाचा म्हणाला. साधा पिंग जातोच, तो चिल्लर आहे. मोठा पिंग करता येतो:

```
ping -6 -M do -s 1452 www.example.org
ping -6 -M do -s 1444 www.example.org
```

१४५२ मध्ये पिंगच्या हेडरचे ८ आणि आयपीव्ही६ च्या हेडरचे ४० मिळवले की १५००, १४४४ मध्ये मिळवले की १४९२. पहिल्याला घरच्याच राउटरने `Packet too big: mtu=1492` असं उत्तर दिलं, दुसरा आरामात गेला. यातून कमान केवढी आहे ते कळलं, पण एक लक्षात घ्या, ही परीक्षा आपल्याकडून *जाणाऱ्या* पाकिटांची आहे, आणि त्या दिशेचा निरोप आपल्याच राउटरकडून येतो, तो पोचतोच. आपला घोळ *येणाऱ्या* पाकिटांमध्ये आहे, तिथे निरोप सर्व्हरकडे जायचा असतो आणि तो आपल्याला दिसत नाही. त्यामुळे पिंग पास झाला म्हणून प्रकरण मिटलं असं समजू नका, मी पण एकदा यात अर्धा दिवस घालवलाय.

पक्का पुरावा मिळवायची सोपी युक्ती ही की लॅपटॉपचा एमटीयू थोड्या वेळासाठी १२८० करायचा. १२८० च का, तर आयपीव्ही६ चा नियम आहे की कुठल्याही रस्त्यावर एवढं पाकीट मावलंच पाहिजे, त्याच्या खाली कमान असूच शकत नाही.

```
sudo ip link set dev wlan0 mtu 1280
```

विंडोजवर अॅडमिन प्रॉम्प्टमध्ये:

```
netsh interface ipv6 set subinterface "Wi-Fi" mtu=1280 store=active
```

आता लॅपटॉप सर्व्हरला एमएसएस १२२० सांगतो, सर्व्हर तेवढंच पाठवतो. परत `curl -6` मारलं, साइट चटकन उघडली. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होता. १५०० केलं की परत अडकली. यापेक्षा स्वच्छ पुरावा नाही, आणि हा पुरावा केबलवाल्याला पण दाखवता येतो.

पण घरात लॅपटॉप एकच नाही, दोन फोन, टीव्ही, ताईचा टॅब, प्रत्येकावर जाऊन हे करणार कोण, आणि फोनवर तर करताच येत नाही. म्हणून दुरुस्ती राउटरमध्येच पाहिजे. सगळ्यात बरं म्हणजे राउटरमध्ये आयपीव्ही६ साठी एमएसएस क्लॅम्पिंग चालू करणं. ओपनडब्ल्यूआरटी असेल तर फायरवॉलच्या वॅन झोनमध्ये `option mtu_fix '1'` असतं, ते दोन्ही रस्त्यांना लागू पडतं. लिनक्सचा स्वतःचा राउटर असेल तर:

```
ip6tables -t mangle -A FORWARD -p tcp \
 --tcp-flags SYN,RST SYN -j TCPMSS --clamp-mss-to-pmtu
```

ताईच्या राउटरमध्ये असलं काही बटण नव्हतं. पण आयपीव्ही६ च्या लॅन सेटिंगमध्ये, राउटर अॅडव्हर्टाइजमेंटच्या खाली, एमटीयूचा रकाना होता, त्यात १५०० भरलेलं. राउटर घरातल्या सगळ्या डिव्हाइसना अधूनमधून ओरडून सांगत असतो की मी इथे आहे, प्रिफिक्स हा आहे, आणि त्यातच एमटीयू पण सांगू शकतो. तिथे १४९२ टाकलं. मग प्रत्येक डिव्हाइस स्वतःहूनच आयपीव्ही६ साठी १४९२ धरतं आणि सर्व्हरला १४३२ सांगतं, म्हणजे राउटरला न जमलेली लबाडी आपण डिव्हाइसकडूनच करून घेतली. आयपीव्ही४ ला हात पण लागत नाही. लॅपटॉपवर बघायचं असेल तर:

```
cat /proc/sys/net/ipv6/conf/wlan0/mtu
```

१४९२ आलं की झालं. (आधी कार्डाचा एमटीयू हाताने १२८० केलेला असेल तर तो परत १५०० करायला विसरू नका, मी विसरलो होतो आणि आकडा १२८० च दाखवत होता.)

तुमच्या राउटरमध्ये यातलं काहीच नसेल तर कंपनीला त्यांच्या टोकाच्या यंत्रावर आयपीव्ही६ साठी एमएसएस क्लॅम्प करा असं सांगता येतं, किंवा पीपीपीओईवरच पूर्ण १५०० चालवा असं पण सांगता येतं, त्याची सोय आरएफसी ४६३८ मध्ये आहे, पण दोन्ही बाजूंनी जमायला पाहिजे. कस्टमर केअरला "साइट उघडत नाही" सांगू नका, ते राउटर रिस्टार्ट करायला सांगतील. "आयपीव्ही६ वर टीसीपी जोडलं जातंय पण १४९२ च्या वरचं पाकीट येत नाही, एमटीयू १२८० केला की येतं" असं सांगा आणि नेटवर्क टीमला कळवा म्हणा. यातलंही काही नाही जमलं तर मग आयपीव्ही६ बंद करा, काही पाप नाही.

सेटिंग सेव्ह करून वायफाय बंद-चालू केल्यावर फीचं पोर्टल उघडलं, बँक पण उघडली. ताईचा टॅब मात्र तसाच अडकलेला, तो काय रुसलाय कळेना. शेवटी बघितलं तर टॅबमध्ये कोणीतरी व्हीपीएन टाकलेलं, आणि व्हीपीएनचा बोगदा स्वतःचं आणखी एक वेष्टण लावतो, म्हणजे त्याची कमान अजून खाली. वायरगार्डचा नेहमीचा एमटीयू १४२० असतो, तो १५०० चा रस्ता धरून काढलेला, इथे तो १४१२ पाहिजे. अॅपमध्ये आकडा बदलला आणि टॅब पण सुरू झाला. व्हीपीएन कोणी टाकलं ते भाचा अजून सांगत नाहीये.